दीड मिनिटांचा प्रसंग: चोवीसशे रुपये कुठे ठेवायचे?

‘मॅडम, मी सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीच्या मुलाखतीत दीड मिनिटात स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायला लावतात. मी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतला सांगते. काकांच्या चादरींच्या स्टॉलवर मी हिशेब बघत होते, एका रात्री २,४०० रुपये कमी आले, काकांना हाताखालच्या मुलाचा संशय आला, त्याला काढायला सांगितलं. मी बिलं तपासायला दहा मिनिटं मागितली, तेव्हा कळलं की ऑनलाइन आलेली तीन बिलं मीच रोख म्हणून लिहिली होती. सरावात दर वेळी यात्रेची माहिती देतानाच वेळ संपते. आणि स्वतःची चूक सांगावी की नको, तेही कळत नाही.’

चूक सांगच. ती काढलीस तर उरतं ते एवढंच की पैसे हरवले आणि सापडले, आणि त्यात तू कुठेच दिसत नाहीस.

आधी वेळेचं बघू. माझ्याकडे येणारी मुलं सावकाश आणि स्पष्ट मराठी बोलतात तेव्हा मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे दीड मिनिटात १६५ ते १८० शब्द, वहीचं जेमतेम एक पान. त्यातले पहिले पंधरा सेकंद प्रसंग कुठे आणि केव्हा घडला यासाठी. त्यानंतरचा अर्धा मिनिट पेचासाठी, जवळपास तेवढाच वळणासाठी, आणि शेवटी दहा-पंधरा सेकंद काय शिकलीस त्यासाठी. सिद्धेश्वरांची यात्रा किती जुनी, नंदीध्वजांची मिरवणूक कशी निघते, होम मैदानावर काय काय लागतं, हे सगळं सांगावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण पुढच्या पेचाला त्यातलं काहीच लागत नाही. तुझ्या पेचाला लागतात फक्त चार गोष्टी: स्टॉल, रात्रीची वेळ, गल्ला आणि हिशेबाची जबाबदारी तुझ्याकडे असणं. बाकीचं कोणी विचारलं तर सांगायला आहेच.

आता पेच. बहुतेक मुलं इथे अडचण सांगतात आणि तिलाच पेच समजतात. २,४०० रुपये कमी येणं ही अडचण झाली. पेच सुरू होतो तो काका त्या मुलाला काढायला सांगतात तिथे, कारण त्या क्षणी तुझ्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प राहिली असतीस तर तू सुटली असतीस आणि त्याचं काम गेलं असतं. बोललीस तर कदाचित तूच अडकणार होतीस. ऐकणाऱ्याला या दोन्ही वाटा दिसल्या पाहिजेत, म्हणून इथे घाई करू नकोस. काकांचं वाक्य त्यांच्याच तोंडून येऊ दे, घरी जसं बोलतात तसं. ‘काकांनी त्याला कामावरून कमी करण्याचा निर्णय घेतला’ असं म्हटलंस की समोर कार्यालयीन पत्र उभं राहतं, काका नाही.

वळणाची जागा मुलांकडून सर्वात जास्त चुकते. बिलं सापडली हे वळण नव्हे. ती सापडण्याआधी तू दहा मिनिटं मागितलीस ना, ते वळण. तुझ्या कुठल्यातरी कृतीने प्रसंगाची दिशा बदलली पाहिजे. ‘तेवढ्यात आत्याला आठवलं’ किंवा ‘नशिबाने मेसेज दिसला’ असं वळण असेल, तर तो प्रसंग आत्याचा किंवा नशिबाचा झाला. प्रसंग निवडताना हे एकच तपासायचं: बदल घडवणाऱ्या वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे का? नसेल तर दुसरा प्रसंग शोधायचा.

तुझ्याच तपशिलांवरून मी एक मसुदा केला आहे. काही जागा मी अंदाजाने भरल्या आहेत. जे तसं घडलं नव्हतं ते काढ आणि खरं घडलेलं घाल.

‘मागच्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत काकांच्या चादरींच्या स्टॉलवर मी हिशेब बघत होते. एका रात्री दहा वाजता गल्ला मोजला, तर चोवीसशे रुपये कमी.

पुन्हा मोजलं, तेवढेच कमी. स्टॉलवर आमच्याशिवाय एकच जण होता, चादरींच्या घड्या घालणारा मुलगा. काका मला हळूच म्हणाले, “उद्यापासून येऊ नको म्हणून सांग त्याला.” तो समोरच गठ्ठे बांधत होता. क्षणभर मलाही त्याचाच संशय आला. पण दिवसभराची बिलं मी लिहिली होती आणि ती मी अजून तपासली नव्हती. गप्प राहिले तर त्याचं काम जाणार होतं. तपासली आणि चूक माझी निघाली, तर काका मला पुन्हा गल्ल्यावर बसवणार नव्हते.

मी म्हटलं, “काका, दहा मिनिटं द्या. आधी माझी बिलं बघते.” बिलबुक आणि काकांच्या मोबाइलवरचे पैसे जमा झाल्याचे मेसेज शेजारी ठेवले. दुपारच्या गर्दीतली तीन बिलं निघाली, प्रत्येकी आठशेची. पैसे मोबाइलवर आले होते, मी वहीत रोख लिहिलं होतं. काकांना सांगितलं, “चूक माझी आहे.” तो मुलगा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर आला.

तेव्हापासून पैसे कसे आले ते मी प्रत्येक बिलावर त्याच क्षणी लिहिते. आणि हिशेब जुळला नाही, तर तपासायला सुरुवात स्वतःच्या नोंदींपासून करते.’

शेवटची दोन वाक्यं बघ. ‘प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे हे मी शिकले’ असं तिथे लिहिलं असतं, तर ते कोणाच्याही गोष्टीला चिकटलं असतं आणि समोरच्याने ते केव्हाच ऐकलेलं असतं. तुझ्या शिकण्यातून तुझी एक सवय दिसली पाहिजे, जी उद्या ऑफिसच्या टेबलावरही चालेल. हिशेबाच्या नोकरीसाठी मुलाखत घेणाऱ्याला नेमकं तेच ऐकायचं असतं. पण ती सवय खरीच लागलेली असली पाहिजे. लागलेली नसेल तर आजपासून लाव, किंवा ते वाक्य गाळ.

सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून कर, आणि ऐकताना फक्त एक गोष्ट टिपून ठेव: काकांचं वाक्य कितव्या सेकंदाला येतं. तिसाव्याच्या आत आलं तर ठीक आहे. चाळिसाव्यानंतर येत असेल तर आधीचं काप. वेळ कमी पडली की मुलं शेवटाकडे घाईघाईने बोलतात, आणि नेमकं वळणच तोंडातल्या तोंडात राहतं. सगळं पाठही करू नकोस, कारण एक शब्द अडला की पुढची ओळ सापडत नाही. पहिलं वाक्य, ‘काका, दहा मिनिटं द्या’ हे वाक्य आणि शेवटचं वाक्य एवढीच पक्की ठेव. मधलं दर वेळी थोडं वेगळं आलं तरी चालेल. सरावात ऐंशी सेकंदांत संपव. खोलीत श्वास घ्यायला आणि थांबायला उरलेले दहा लागतात.

एक सावधगिरी. त्या मुलाचं नाव घेऊ नकोस. त्याच्यावर उगाच संशय आला होता, आणि सोलापुरात खोलीतलं कोणीतरी त्याला ओळखत असणं अवघड नाही.

हा प्रसंग सांगून झाल्यावर मुलाखत घेणारे बहुधा एक प्रश्न विचारतील: ‘मग त्या मुलाला हे कधी सांगितलंस का?’ याचं उत्तर मी लिहून देऊ शकत नाही. सांगितलं असशील तर कसं, आणि नसेल तर का, हे एका-दोन वाक्यांत खरं खरं तयार ठेव.