गाइडेड टूरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : नाशिकच्या एका संग्रहालयात नाण्यांच्या गॅलरीत मी स्वयंसेविका आहे. संचालकांना पत्र लिहिते आहे. त्यातलं हे वाक्य कानाला खटकतं : ‘स्थानिक अभ्यागतांकरिता मराठीमध्ये मार्गदर्शित दौरे आयोजित करण्याचे मी प्रस्तावित करते.’ काय बदलू?

उत्तर : ‘फेरी’ म्हणा. दौरा मंत्र्यांचा किंवा क्रिकेट संघाचा असतो आणि सहलीला डबा न्यावा लागतो. फेरी मात्र नाशिककरांच्या पायातलाच शब्द आहे. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीला आपण फेरीच घालतो. ‘मार्गदर्शित’ तर काढूनच टाका. मार्गदर्शन माणसाला होतं, दौऱ्याला नाही. कोणीतरी सोबत असून माहिती सांगणार आहे, हे वेगळ्या वाक्यात सांगितलं की झालं. ‘अभ्यागत’ सरकारी कचेरीत साहेबांना भेटायला येतात. संग्रहालयात येतात ते प्रेक्षक, किंवा सरळ ‘बघायला येणारी इथली माणसं’.

‘मराठीमध्ये’ऐवजी ‘मराठीतून’ लिहा. पण नुसतं तेवढं लिहून संचालकांना काही दिसणार नाही, एक नमुना द्या. जोगलटेंभीचा घ्या. गोदावरी-दारणा संगमावरच्या या गावात 1906 साली 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची, पण बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा. अशा नाण्याखालच्या पाटीवर ‘पुनर्टंकित’ असं असतं. शब्द चूक नाही, पण वाचणारा पुढे सरकतो. फेरीत तुम्ही म्हणाल, ‘नाणं नहपानाचंच ठेवलं, वितळवलं नाही. जिंकणाऱ्याने त्यावरच आपला ठसा मारला. तिरकं धरा, खालचा चेहरा अजून डोकावतोय.’ मग पांडवलेण्यांकडे वळा. तिथे नहपानाचा जावई उषवदात आपल्या लेखात लेण्याला ‘लेण’ म्हणतो आणि नाण्याला ‘काहापण’; एका सुवर्णाला 35 काहापण, हा भावही देतो. ‘लेण’ ऐकताच आजीबाईसुद्धा मान डोलावतील, कारण तो शब्द त्यांचाच आहे. हे इंग्रजीतून सांगायला गेलात तर निम्मी गंमत तिथेच संपते.

तेव्हा पत्रात असं लिहा :

‘दर रविवारी सकाळी नाण्यांच्या दालनात मराठीतून पाऊण तासाची एक फेरी ठेवावी, असे सुचवते. एका वेळी पंधरा-वीस जणांना सोबत घेऊन मी माहिती सांगेन. पहिल्या फेरीसाठी जोगलटेंभीच्या नाण्यांवरचा मजकूर सोबत जोडला आहे; तो आपण तपासून द्यावा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘प्रस्तावित करते’ म्हटलं की कागद फायलीत जातो. ‘तपासून द्यावा’ म्हटलं की संचालकांना त्यावर पेन चालवावंच लागतं.

आणि हो, सहीखाली ‘गॅलरी स्वयंसेविका’ लिहू नका. आपल्याकडे गॅलरीत कपडे वाळत घालतात. ‘स्वयंसेविका, नाणी दालन’ पुरे.