गावच्या यात्रेचा व्हिडिओ आणि लोकेशन टॅग

प्रश्न: आमच्या वडगावच्या यात्रेचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकतोय. गावाचं नाव, लोकेशन टॅग द्यावा का? काही शॉट घरातले आहेत.

उत्तर: पालखी, कुस्त्या, देवळासमोरची गर्दी या भागाला नाव जरूर द्या, आणि पूर्ण द्या. नुसतं ‘वडगाव’ लिहून भागत नाही. एकट्या पुणे परिसरात वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक अशी वडगावं आहेत. मुंबईला गेलेला तुमचा गावकरी शोधेल तेव्हा त्याला दुसऱ्याच गावची यात्रा दिसेल. म्हणून शीर्षकात गाव आणि तालुका, वर्णनात जिल्हा आणि देवाचं नाव लिहा. टॅगसाठी यूट्यूब स्टुडिओत ‘Show more’ खाली ‘Recording date and location’ आहे. तिथे गाव किंवा देऊळ निवडा, स्वतःचं घर नको.

घरातले शॉट मात्र वेगळे काढा. पुरणपोळीची पंगत, खेळणारी मुलं यांचा वेगळा व्हिडिओ करा आणि त्यावर फक्त जिल्हा लिहा. पण टॅग काढला म्हणजे जागा लपली असं नाही. दारावरची नावाची पाटी, अंगणातल्या गाडीचा नंबर, मुलाच्या शाळेचं ओळखपत्र फ्रेममध्ये असेल तर पत्ता तिथेच वाचता येतो. अपलोड करण्याआधी व्हिडिओ एकदा थांबवत थांबवत बघा आणि असे तुकडे कापा.

आणि यात्रा चालू असताना घरचं काही टाकू नका. सगळं घर देवळात आहे, हे त्यातून कुणालाही कळतं. दोन दिवसांनी टाकलं तरी बघणारे बघतातच.