माय की माइन? पुढे नाम आहे का ते बघा

प्रश्न: माय आणि माइन, दोन्हींचा अर्थ ‘माझं’च होतो ना? मग ‘धिस इज माइन बुक’ चूक आणि ‘धिस बुक इज माइन’ बरोबर, असं का?

अर्थ एकच आहे, पण वाक्यातलं काम वेगळं आहे. ‘माय’ एकटा उभा राहू शकत नाही, त्याला पुढे नाम लागतंच: माय बुक, माय ओल्ड बुक. ‘माइन’च्या पोटात ते नाम आधीच आहे. माइन म्हणजे ‘माझं पुस्तक’ एवढं सगळं, म्हणून ‘माइन बुक’ म्हटलं की पुस्तक दोनदा येतं. माय हा पझेसिव्ह डिटर्मिनर, माइन हे पझेसिव्ह प्रोनाउन. शाळेच्या पुस्तकात मायला बहुधा पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह म्हटलेलं असतं.

आपली अडचण अशी की मराठीत ‘माझं’ दोन्ही कामं करतं. ते लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, पण पुढे नाम आहे की नाही याने बदलत नाही. इंग्रजीत नेमकं उलट. ‘युअर शूज आर न्यू, माइन आर ओल्ड.’ इथे बूट अनेक म्हणून ‘आर’ आलं, माइन मात्र तसंच राहिलं.

मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मुलांच्या वह्यांत मला सर्वांत जास्त सापडणारी चूक वेगळीच आहे: ‘माझा एक मित्र पुण्यात राहतो’ याचं ‘माय वन फ्रेंड लिव्ह्ज इन पुणे’. मराठीत ‘माझा’ आणि ‘एक’ सुखाने शेजारी बसतात. इंग्रजीत या ‘एक’चं ‘ए’ होतं, आणि नामाआधी डिटर्मिनरची जागा एकच, तिथे ‘ए’ तरी येईल किंवा ‘माय’ तरी. ‘ए’ने ती जागा घेतली की मालकी नामाच्या नंतर जाते, आणि तिथे पुढे नाम नसल्याने माइनच लागतं: ‘ए फ्रेंड ऑफ माइन लिव्ह्ज इन पुणे.’ ‘माझं ते पुस्तक’ही याच वाटेने ‘दॅट बुक ऑफ माइन’ होतं, ‘माय दॅट बुक’ नाही.

दुसरी चूक पटकन लक्षात येत नाही. ‘तिचा आवाज माझ्यासारखा आहे’ हे मराठीत अगदी बरोबर. मुलं लिहितात ‘हर व्हॉइस इज लाइक मी’. पण आवाज माझ्यासारखा नसतो, माझ्या आवाजासारखा असतो. आपण तो दुसरा ‘आवाज’ गाळतो आणि ‘माझ्यासारखा’वर भागवतो. इंग्रजीत ती गाळलेली वस्तू माइनमध्ये भरावी लागते: ‘हर व्हॉइस इज लाइक माइन.’ म्हणून तुलना करताना मराठी वाक्य आधी पूर्ण करून बघा. ‘माझ्या आवाजासारखा’, ‘माझ्या उत्तराशी’ असं निघालं तर ‘मी’ नको, ‘माइन’ हवं.

युअर-युअर्स, हर-हर्स, अवर-अवर्स, देअर-देअर्स या जोड्याही अशाच चालतात, आणि या ‘स’च्या आधी ॲपॉस्ट्रॉफी कधीच येत नाही. ‘हिज’ मात्र दोन्हीकडे तोच: हिज बुक, द बुक इज हिज.