पंपात आलेलं दूध म्हणजे अंगावरचं सगळं दूध नव्हे

नववा महिना लागलाय. सासूबाई म्हणतात, दोन जिवांचं आहे, दुप्पट जेव.

दुप्पट नको. बारा किलो वजन वाढणार असं धरलं, तर शेवटच्या तीन महिन्यांत रोज ४७५ कॅलरी जास्त लागतात. तुमचं वजन एकूण नऊच किलो वाढणार असेल, तर त्याच प्रमाणात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी आणि वाटीभर वरण. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एका आठवड्यात दीड किलो वाढलं. बाळ छान भरतंय ना?

एवढ्या झपाट्याने बाळ भरत नाही, अंगात पाणी साठतं. या आकड्यावरून कॅलरी मोजू नका. आजच बीपी आणि लघवी तपासून घ्या, सोमवारची वाट पाहू नका.

बाळ तीन महिन्यांचं आहे. पंपाने जेमतेम ४० मिली निघतं. घरचे म्हणतात दूधच नाही, मग जास्त खाऊन काय उपयोग?

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी रिकामी बाटली माझ्यासमोर धरतंच. अहो, पंपाला बाळासारखं ओढता येत नाही! दूध मोजायचं तर बाळाला मोजा. पाजण्याआधी आणि पाजल्यावर, त्याच कपड्यांत, चोवीस तास, रात्रीचं पाजणंही धरून. काटा दोन-पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल हवा, टांगायच्या काट्याचं हे काम नाही.

यावलकडच्या एका बाळंतिणीच्या वहीत एके ठिकाणी 'उणे ३०' लिहिलेलं होतं. मधेच आजीबाईंनी ओलं लंगोट बदललं होतं! दुसऱ्या दिवशी नीट मोजलं, तर आठ वेळांचे मिळून ७२० ग्रॅम भरले. तिच्याही पंपात ४०च मिली येत होतं. घामाने आणि श्वासाने बाळाचं वजन थोडं घटतं, त्यामुळे खरं दूध याहून किंचित जास्तच.

आता हिशोब. ग्रॅमला ०.६७ कॅलरी धरली की दुधात ४८० गेल्या. पण दूध तयार करायलाही ऊर्जा लागते, म्हणून ०.८ने भागायचं: ६००. तिचं वजन महिन्यात ६०० ग्रॅम उतरलं होतं. किलोमागे साडेसहा हजार कॅलरी धरल्या, तर रोजच्या १३० अंगातल्या चरबीतून आल्या. उरलेल्या ४७० ताटातून यायला हव्यात. बाई मुळात बारीक असेल तर ही वजाबाकी करायचीच नाही, पूर्ण ६०० खायच्या.

बाळाचं वजन वाढत नसेल किंवा दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, तर वही बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञ गाठा.

मेडिकलवाल्याने दूध वाढवायची पावडर दिली. घेऊ?

डब्याच्या मागे एका चमच्यात किती कॅलरी ते वाचा, मग दोन केळ्यांचा भाव आठवा. उघडला नसेल तर परत करा.