बजेट कमी असेल तर नकार कसा कळवायचा

पाच पानांच्या वेबसाइटचे तू २०,००० घेतोस आणि क्लायंटकडे ८,००० च आहेत, तर उत्तर त्याच दिवशी दे. नवीन मुलं संकोचून गप्प बसतात, क्लायंट ताटकळतो आणि त्याला खरा राग त्या ताटकळण्याचाच येतो. मेसेज एवढाच पुरे:

“या बजेटमध्ये पाच पानं नीट होणार नाहीत. ८,००० मध्ये एक पान करून देईन: माहिती, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. पाचही हवी असतील तर दुसऱ्या कुणाचं नाव सुचवतो.”

नाव देण्याआधी त्या माणसाला विचारून घे.

पाचही पानं ८,००० मध्ये मात्र करू नकोस. पुढच्या कामालाही तोच भाव धरला जातो. घरभाडं, हप्ते ही कारणं सांगू नकोस, त्यावरून घासाघीसच सुरू होते.