डोळे झाकलेल्या दोघी

बाळा,

रात्री दोनला पाठवलेला टॅरोच्या पत्त्यांचा फोटो सकाळी पाहिला. टू ऑफ सोर्ड्स, शेजारी नाईन ऑफ सोर्ड्स, आणि खाली तुझा प्रश्न: 'म्हणजे तो मला सोडणार का?' या पत्त्यांत तो कुठेही नाही. तू आहेस. पत्ते तुझी अवस्था सांगतायत, त्याचं मन नाही. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

अर्थांचं पुस्तक मिट आणि चित्रं बघ. तुझा डेक पामेला कोलमन स्मिथच्या चित्रांचा आहे, 1909 सालचा. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये अशा आकड्यांच्या पत्त्यांवर नुसत्या तलवारी मांडलेल्या असायच्या. तिने तिथे माणसं आणली, म्हणून आपण चित्र वाचायचं.

टू ऑफ सोर्ड्समधली बाई दगडी बाकावर बसली आहे. डोळ्यांवर पट्टी, छातीशी हात आडवे धरलेले आणि दोन्ही हातांत एकेक जड तलवार. पट्टी सोडायची तर हात मोकळा हवा, आणि हात मोकळा करायचा तर एक तलवार खाली ठेवायला हवी. तुझ्या एका हातात 'घरच्यांनी आणलेल्या स्थळाला नाही म्हणेन' आहे, दुसऱ्या हातात 'त्याला लग्नाचं विचारून संबंध बिघडवणार नाही'. दोन्ही धरून ठेवलंस की पट्टी तशीच राहणार. तिच्या पाठीमागे समुद्र आहे, त्यात खडक आहेत. तुला माहीत असलेलं बरंच काही तिथे आहे, तू त्याकडे पाठ फिरवून बसली आहेस. तो बंगळुरूला गेल्यापासून पुढच्या वर्षाचा विषय निघाला की बोलणं बदलतो, हे मला तूच सांगितलंस, कुठल्या पत्त्याने नाही.

आता नाईन. अंथरुणात उठून बसलेली बाई, तोंड ओंजळीत, मागे काळोखात एकावर एक नऊ आडव्या तलवारी. तू घाबरलीस ते हे बघून. पण नीट बघ, एकही तलवार तिला लागलेली नाही. थ्री ऑफ सोर्ड्समध्ये काळीज आरपार भोसकलेलं असतं, टेनमध्ये पाठीत दहाच्या दहा रुतलेल्या असतात. इथे जखम नाही, भीती आहे. म्हणून याला ब्रेकअपचा पत्ता म्हणू नकोस. तिच्या पांघरुणावर गुलाब आहेत, तेही तिला दिसत नाहीत, कारण तोंड झाकलंय. एकीने पट्टीने डोळे झाकलेत, दुसरीने हातांनी. ज्या दोघी काही बघतच नाहीयेत, त्या तुला त्याच्या मनातलं कसं सांगणार?

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी टू, मग नाईन: निर्णय टाळलास, त्याची किंमत झोप भरतेय. उलट आले असते तर मी वेगळं वाचलं असतं, की आधी भीती होती आणि ती सहन होईना म्हणून डोळे बांधून घेतलेस. जुन्या पाश्चात्त्य परंपरेत टूला तुळेतला चंद्र देतात आणि नाईनला मिथुनेतला मंगळ. तुळेतलं मन दोन्ही पारडी सारखी ठेवत बसतं. मिथुनेतला मंगळ बोलण्या-विचारण्याच्या राशीत येऊन स्वतःच्याच डोक्यात भांडत राहतो. न विचारलेला प्रश्न रात्री असाच फिरतो.

माझ्याकडे येणाऱ्या काही जणी रागावून गेल्या, 'हो की नाही, तेवढं सांगा ना' म्हणत. एकीने दुसरीकडे जाऊन याच दोन पत्त्यांवरून 'तो सोडणार' असं ऐकलं, आणि त्याला एक शब्द न विचारता आपणच नातं तोडलं. तिला मी अजून थोडा वेळ बसवून ठेवायला हवं होतं, हे मनातून जात नाही. पण उत्तर मी तेच दिलं असतं. मला कोणी हट्टी म्हणो. पत्ते तुझी अवस्था सांगतात, त्याचं मन त्यालाच विचारावं लागतं.

तेव्हा आज डेक कापडात बांधून कपाटात ठेव. रात्री पुन्हा पिसायचा नाही. त्याच प्रश्नावर परत परत पत्ते काढले की उत्तर नको असतं, आपल्याला हवा असलेला पत्ता हवा असतो. शनिवारी दिवसाउजेडी, पोट भरलेलं असताना, एकच पत्ता काढ आणि प्रश्न बदल: 'त्याला विचारायला मला नेमकी कशाची भीती वाटते?' जो येईल तो ठेव, उलटसुलट करू नकोस. मग त्याला फोन कर, मेसेज नको. 'घरी स्थळं बघतायत, तुझा विचार काय?' एवढंच विचार आणि गप्प राहा. त्याने 'बघू' म्हटलं तर 'कधीपर्यंत?' विचार. तारीख दिली नाही, तर तेही उत्तरच आहे.

आणि झोप अशीच आठवडाभर आली नाही, जेवण उतरेना, तर मला पत्त्यांचे फोटो पाठवू नकोस. डॉक्टरांकडे जा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लाव. तिथे मराठीतही बोलता येतं. शनिवारचा पत्ता मला रविवारी सांग, फोन झाल्यावर. आधी नाही.

तुझी,
मावशी