वार्टन आउफ, डेंकन आन: सुरुवात कुठून करायची

अरे, जर्मनमध्ये वार्टन आउफ म्हणजे वाट बघणं, डेंकन आन म्हणजे कशाचा तरी विचार करणं, अशी ठरावीक प्रेपोझिशन घेणारी क्रियापदं असतात. त्यातल्या पन्नास क्रियापदांची यादी पाठ करत बसू नकोस, आधी दहाच घे. आणि नुसतं 'वार्टन' लिहू नकोस, 'वार्टन आउफ, अक्कुझाटिफ' असं एका दमात लिही, कारण प्रेपोझिशन नंतर चिकटवायला गेलं की इंग्रजी मधे घुसतं आणि सगळे 'वार्टन फ्युर' करून ठेवतात.

दुसरी गडबड केसची. आउफ आणि आन अक्कुझाटिफ आणि डाटिफ दोन्ही केस घेतात, म्हणून लोक 'कुठे असेल तर डाटिफ, कुठं जायचं असेल तर अक्कुझाटिफ' हा नियम इथे लावतात, तो इथे चालत नाही. 'इश वार्टे आउफ डेन बुस' म्हणजे बसची वाट बघतोय, पण 'आउफ डेम बानश्टाइग' म्हटलंस तर प्लॅटफॉर्मवर उभा राहून वाट बघतोय, कशाची ते सांगितलंच नाही.

आता डाराउफ, म्हणजे 'डा' आणि 'आउफ' जोडून झालेला शब्द. बस ही वस्तू, म्हणून परत उल्लेख करताना 'इश वार्टे डाराउफ'. बहिणीची वाट बघत असशील तर डाराउफ नाही, 'आउफ झी'. प्रश्नातही तसंच, वस्तूला 'वोराउफ', माणसाला 'आउफ वेन'. सुरुवातीला सगळ्यात जास्त चुका इथेच होतात बघ, माणसाला सरळ डाराउफ लावून टाकतात.

मधला र कुठून आला? प्रेपोझिशन स्वराने सुरू झालं की येतो: डाराउफ, डारान. पण डामिट, डाफ्युर. बाकीचं सध्या राहू दे, आधी हे तोंडात बसू दे.